तेलांत पडणारी गोळी

एका हातांत पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातांत एरंडेल तेलाची वाटी घ्या, व दोन्ही एकाच वेळीं कलती करा. पाणी खळकन् खालीं येतें. एरंडेल मात्र सुतासारखी धार धरून सावकाश उतरतें. आपण सहज म्हणतों, कीं एरंडेल पाण्याहून दाट आहे. परंतु तेंच एरंडेल पाण्यावर ओतून पाहिलें, तर तें वर तरंगतें. एक घन सेंटिमीटर पाण्याचें वजन एक ग्रॅम भरतें, तर तितक्याच एरंडेलाचें ०.९६ ग्रॅम. म्हणजे वजनानें एरंडेल पाण्याहून हलकेंच आहे. तेव्हां त्याच्या सावकाश उतरण्याचें कारण त्याच्या वजनांत नाहीं; तें दुसऱ्याच एका गुणांत आहे. या गुणास शास्त्रीय परिभाषेंत श्यानता म्हणतात. ती अंकांत कशी मोजावी, आणि मोजतांना ज्या भांड्यांत आपण ती मोजतों तें भांडेंच आपणांस कसें फसवितें, हें आज आपणांस सांगण्याचा माझा हेतु आहे.

प्रथम या गुणाचें स्वरूप पाहूं. कोणतेंही द्रव वाहूं लागलें, म्हणजे त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. भांड्याच्या पृष्ठास लागलेला थर जागचा हलत नाहीं. त्याच्या शेजारचा किंचित् हलतो. त्यापुढचा त्याहून अधिक. प्रत्येक थर आपल्या शेजाऱ्यास मागें ओढीत असतो. ही जी थराथरांतील ओढ, तीच श्यानता. ती मोजण्याचें एक माप फ्रेंच वैद्य प्वाझय याच्या नांवावरून पॉइज या नांवानें रूढ आहे. एक सेंटिमीटर अंतरावरील दोन थरांच्या वेगांत दर सेकंदास एक सेंटिमीटरचा फरक राखण्यासाठीं दर चौरस सेंटिमीटरमागें एक डाइन बल लागत असेल, तर त्या द्रवाची श्यानता एक पॉइज समजावी. हल्लींच्या आंतरराष्ट्रीय पद्धतींतील पास्कल-सेकंद हें माप याच्या दहापट मोठें आहे. वीस अंश सेंटिग्रेड उष्णमानास पाण्याची श्यानता पॉइजच्या शंभराव्या भागाइतकी असते, आणि एरंडेलाची सुमारें ९.९ पॉइज. म्हणजे वजनाला हलकें असलेलें एरंडेल श्यानतेंत पाण्याच्या जवळजवळ हजारपट भरतें.

आतां ती मोजण्याचा प्रयोग. यास लागणारें साहित्य थोडें आहे. एक उभी कांचेची नळी, तिच्यांत भरलेलें एरंडेल, एक सेकंदाचा दहावा भाग दाखविणारें घड्याळ, आणि पोलादाच्या गुळगुळीत गोळ्या. सायकलच्या फ्रीव्हीलमध्यें जे बारीक छर्रे असतात, ते या कामास फार उत्तम. कारण ते अगदीं गोल असून त्यांचा व्यास ठराविक, इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१८ मिलिमीटर असतो. नळीच्या बाहेरून वीस सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करावयाच्या, छर्रा तेलाच्या पृष्ठभागीं अलगद सोडावयाचा, आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत जाण्यास त्यास किती वेळ लागतो तें पाहावयाचें. एवढाच प्रयोग.

पण वेळावरून श्यानता कशी निघते? त्यासाठीं पडणाऱ्या गोळीवर कोणकोणतीं बलें काम करितात हें पाहिलें पाहिजे. गोळीचें वजन तिला खालीं ओढतें. आर्किमिडीजनें दाखविल्याप्रमाणें, गोळीनें जितकें तेल बाजूस सारलें तितक्या तेलाच्या वजनाइतकें बल तिला वर उचलतें. हीं दोन्ही बलें गोळी स्थिर असो वा चालती असो, तींच राहतात. तिसरें बल मात्र निराळ्या स्वभावाचें आहे. तें तेलाच्या अंतर्गत घर्षणाचें असून, गोळी चालूं लागल्यावरच उत्पन्न होतें आणि तिचा वेग वाढेल तसतसें वाढतें. गोळी सोडली त्या क्षणीं तें शून्य असतें. गोळीस वेग येतो. वेगाबरोबर हा अडथळा वाढतो. आणि लवकरच अशी वेळ येते, कीं उचलणारें बल व अडथळा यांची बेरीज वजनाबरोबर होते. आतां गोळीस अधिक वेग देणारें असें कांहीं उरलें नाहीं, आणि कमी करणारेंही उरलें नाहीं. येथून पुढें ती एकाच वेगानें उतरत राहते. यास अंतिम वेग म्हणतात.

हा अंतिम वेग येण्यास फार वेळ लागत असेल असें पुष्कळांस वाटतें, व म्हणून वरची खूण पुष्कळ खालीं करावी असें ते सांगतात. पण गणित करून पाहिलें, तर आपल्या छर्र्याच्या वेगास एरंडेलांत स्थिर होण्यास सेकंदाचे थोडे शतांश पुरतात, आणि तेवढ्यांत तो थोडे मिलिमीटरच उतरलेला असतो. तथापि वरची खूण पृष्ठभागापासून पांचसहा सेंटिमीटर खालीं ठेवणें इष्ट आहे. कारण गोळी आंत शिरतांना पृष्ठभागावर जी खळबळ होते, ती मागें राहावी. वेग खरोखर स्थिर झाला आहे कीं नाहीं हें केवळ विश्वासावर सोडूं नये. दोन खुणांच्या बरोबर मध्यें तिसरी खूण करावी, आणि वरच्या अर्ध्यास व खालच्या अर्ध्यास लागणारा वेळ निरनिराळा मोजावा. दोन्ही सारखे आले, तर अंतिम वेग साधला. खालच्या अर्ध्यास अधिक वेळ लागूं लागला, तर गोळीस तळाची चाहूल लागली असें समजून खालची खूण वर सरकवावी.

या तिसऱ्या बलाचें नेमकें मान केंब्रिज येथील गणिती जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यानें काढलें. त्याचा निबंध १८५१ सालीं प्रसिद्ध झाला. गंमत अशी, कीं त्याचा विषय पडणाऱ्या गोळ्यांचा नसून लंबकांचा होता. हवेच्या अंतर्गत घर्षणामुळें लंबकाच्या आंदोलनांत काय फरक पडतो, हें त्यास पाहावयाचें होतें. त्यानें असें दाखविलें, कीं सावकाश चालणाऱ्या गोळीवरील अडथळा हा तिची त्रिज्या, तिचा वेग आणि द्रवाची श्यानता या तिहींच्या गुणाकारास सहा आणि पाय या संख्यांनीं गुणिलें असतां मिळतो. हें बल वजन व उत्प्लावन यांच्या वजाबाकीबरोबर मांडलें, म्हणजे श्यानतेचें सूत्र हातीं येतें. गोळीच्या त्रिज्येचा वर्ग, गोळी व तेल यांच्या घनतांतील अंतर, आणि गुरुत्वाकर्षणाचें मान, यांचा गुणाकार करून त्यास दोननें गुणावें आणि वेगाच्या नऊपटीनें भागावें, कीं श्यानता निघाली.

आपल्या छर्र्याची त्रिज्या ०.१५९ सेंटिमीटर, तिचा वर्ग ०.०२५२. पोलादाची घनता ७.८ आणि तेलाची ०.९६, म्हणजे अंतर ६.८४. गुरुत्वाकर्षणाचें मान आपल्या प्रांतांत ९७८ धरावें. हें सारें एकत्र केलें म्हणजे ३७.५ हा अंक येतो. त्यास वेगानें, म्हणजे दर सेकंदास जितके सेंटिमीटर गोळी उतरली त्या संख्येनें, भागिलें कीं उत्तर पॉइजमध्यें मिळालें. यापुढें आपणांस हा एकच भागाकार करावयाचा आहे.

येथवर सर्व सरळ आहे, आणि मीही पुष्कळ वर्षें वर्गांत तें असेंच सरळ शिकविलें. पण एका हिवाळ्यांत घडलेली एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कारण आजच्या भाषणाचा खरा विषय मला तिनेंच शिकविला.

त्या दिवशीं प्रयोगशाळेंतील उष्णमान वीस अंश होतें. दोन विद्यार्थ्यांस मीं एकाच डब्यांतलें एरंडेल आणि एकाच पुडींतले छर्रे दिले. रुंद बरणी एकच होती, ती एकाच्या वांट्यास आली. तिचा आंतील व्यास आठ सेंटिमीटर होता. दुसऱ्यास उंच व अरुंद मापनपात्र मिळालें. त्याचा व्यास अडीच सेंटिमीटर. पहिल्यास वीस सेंटिमीटर अंतरास ५.७ सेकंद लागले, वेग ३.५१, आणि श्यानता १०.७ पॉइज. हा अंक पुस्तकांतल्या अंकाच्या बराच जवळ होता. दुसऱ्यास ७.१ सेकंद लागले, वेग २.८२, आणि श्यानता १३.३. मीं त्याच्या वहींत तांबड्या शाईनें फुली मारली, आणि घड्याळ दाबतांना तुझा हात मंद चालतो, असा शेरा त्यास तोंडीं ऐकविला.

तो मुलगा अबोल होता. पण त्या दिवशीं बोलला. "गुरुजी," तो म्हणाला, "मीं सात वेळां गोळी टाकली आणि सातही वेळां सात सेकंद व एक-दोन दशांश एवढाच वेळ आला. हात मंद असता, तर तो दर वेळीं सारखाच मंद कसा राहिला असता?" शिवाय, घड्याळ सुरू करतांना जितका उशीर होतो तितकाच तें थांबवितांना होतो, म्हणजे दोन उशीर एकमेकांस खाऊन टाकतात, हेंही त्यानें दाखवून दिलें. माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं "पाहूं" म्हणून वही बाजूस ठेविली.

त्याच्या प्रश्नांत मोजमापाच्या शास्त्राचें एक मर्म होतें. हाताच्या चुकीनें अंक कधीं वर, कधीं खालीं असे विखुरतात. तेच अंक पुन्हां पुन्हां एका जागीं येत असतील, आणि ती जागा अपेक्षेहून निराळी असेल, तर दोष हातांत नसून प्रयोगाच्या मांडणींत कोठेंतरी कायमचा बसलेला असतो. येत्या रविवारीं सकाळीं मीं प्रयोगशाळा उघडली. उष्णमान पुन्हां वीसच अंश होतें. मीं स्वतः त्या अरुंद पात्रांत छर्रा टाकला. ७.१ सेकंद. बरणींत टाकला. ५.७ सेकंद. मग शोधून चार सेंटिमीटर व्यासाची एक नळी काढली आणि तींत टाकला. ६.३ सेकंद. तेल तेंच, गोळी तीच, हात माझा. आणि भांडें जितकें अरुंद, तितकी गोळी मंद. मुलाचा हात निर्दोष होता. दोष भांड्याच्या भिंतींचा होता.

आतां भिंतींनीं हें कसें केलें? गोळी तर मधोमध पडत होती. तिचा कांचेशीं कोठेंही स्पर्श झाला नव्हता. याचें उत्तर असें, कीं स्टोक्सच्या सूत्रांतील गोळी अमर्याद पसरलेल्या द्रवांत पडत असते. तिच्या भोंवतीं भिंत नाहीं, खालीं तळ नाहीं. आपली गोळी बंद पात्रांत पडते. ती खालीं जातांना आपल्या भोंवतालचें तेल बरोबर ओढून नेते. परंतु पात्र बंद असल्यामुळें, जें तेल खालीं गेलें तितकेंच कोठून तरी वर आलें पाहिजे, आणि वर येण्यास वाट एकच: गोळी व भिंत यांच्यामधील जागा. म्हणजे गोळीस वर चढणाऱ्या प्रवाहाविरुद्ध उतरावें लागतें. शिवाय कांचेस लागलेला थर जागचा हलत नाहीं. मोकळ्या द्रवांत जो वेग लांबवर पसरत हळूहळू नाहींसा झाला असता, तो येथें भिंतीपर्यंतच्या थोड्या अंतरांत नाहींसा व्हावा लागतो. थोड्या अंतरांत वेगाचा उतार तीव्र, आणि उतार तीव्र म्हणजे थराथरांतील ओढ अधिक. गोळी यामुळें मंदावते. आणि आपण मात्र ती मंदता तेलाच्या माथीं मारून त्याची श्यानता आहे त्याहून अधिक आहे असें लिहितों.

यांत विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं श्यान द्रवांतील ही हालचाल फार दूरवर पोंचते. अंतर दुप्पट झालें तर ती निम्मी होते, पाव नव्हे. त्यामुळें, भिंत गोळीच्या पुष्कळ पलीकडे आहे, तेव्हां तिचा काय संबंध, असें जें आपणांस वाटतें तें येथें खोटें ठरतें. आमच्या बरणीची भिंत गोळीच्या मध्यापासून पंचवीस त्रिज्यांइतकी लांब होती, तरीही गोळीचा वेग तिनें शेंकडा आठांनीं कमी केला होता. अरुंद पात्रांत तर ही घट शेंकडा सव्वीस होती. म्हणजे ज्या मुलास मीं शाबासकी दिली त्याचाही अंक चुकलेलाच होता. फक्त त्याची चूक लहान होती.

भिंतींच्या परिणामाचें मान काढण्याचें काम दोन टप्प्यांनीं झालें. १९०७ सालीं जर्मनींत लाडेनबुर्ग यानें दुरुस्तीचें सूत्र दिलें. त्यांतील गुणक २.४ होता, आणि तो कित्येक प्रयोगपुस्तकांत अजूनही छापलेला आढळतो. पुढें १९२२ च्या सुमारास स्वीडनमधील गणिती फाक्सेन यानें अधिक सूक्ष्म गणित करून दाखविलें, कीं गुणक २.१ असावा. त्याचा नियम स्मरणांत ठेवण्यास सोपा आहे. गोळीच्या व्यासास नळीच्या व्यासानें भागावें. येणाऱ्या अपूर्णांकास २.१ नें गुणावें. तितक्या भागानें गोळीचा वेग कमी झाला असें समजावें. याहून बारीक दुरुस्त्या त्याच्या सूत्रांत आहेत. पण गोळीचा व्यास नळीच्या व्यासाच्या आठव्या भागाच्या आंत आहे, तोंवर त्यांनीं अर्ध्या टक्क्याचाच काय तो फरक पडतो.

हा नियम त्या मुलाच्या वहीस लावून पाहूं. ३.१८ मिलिमीटरांस पंचवीस मिलिमीटरांनीं भागिलें, तर ०.१२७ येतात. त्याची २.१ पट ०.२६७. म्हणजे गोळी आपल्या मोकळ्या वेगाच्या ०.७३३ भागानेंच पडत होती. बारीक दुरुस्ती धरली तर ०.७३७. मुलाच्या १३.३ या अंकास इतक्यानें गुणिलें, तर उत्तर ९.८ येतें. दुसऱ्याच्या बरणीसाठीं हाच भाग ०.९१७ येतो, त्याच्या १०.७ ला त्यानें गुणिलें, तर उत्तर पुन्हां ९.८. दोन वह्यांतील अंकांत जवळजवळ पंचवीस टक्क्यांचें अंतर होतें; भिंतीचा हिशेब चुकता करतांच तें नाहींसें झालें. सोमवारीं वर्ग भरल्यावर मीं ती फुली खोडली, आणि कां खोडली तें सर्व वर्गासमोर फळ्यावर मांडून दाखविलें.

सूत्र ठाऊक नसलें तरी सत्य अंक काढण्याची एक वाट आहे, आणि मला ती सूत्राहूनही अधिक आवडते. चौकटीचा कागद घ्यावा. आडव्या रेषेवर गोळीचा व्यास व नळीचा व्यास यांचें प्रमाण मांडावें, आणि उभ्या रेषेवर त्या नळींतील वेग. आमच्या तीन नळ्यांचे तीन बिंदु मांडले, तर ते जवळजवळ एका सरळ रेषेंत येतात. ती रेषा डावीकडे वाढवीत न्यावी. जेथें प्रमाण शून्य होतें, तेथें नळी अमर्याद रुंद झाली, म्हणजे भिंत राहिलीच नाहीं. त्या जागीं वेग ३.८२ निघतो. ३७.५ ला ३.८२ नें भागा. उत्तर तेंच, ९.८. ज्या भिंतरहित पात्रांत गोळी टाकणें कोणासही शक्य नाहीं, त्यांतला वेग तीन सामान्य नळ्या आपणांस सांगून देतात.

येथें कोणी म्हणेल, कीं एवढा खटाटोप कशास? चांगलें रुंद भांडेंच कां घेऊं नये? तर फाक्सेनच्या नियमानें हिशेब करा. भिंतीची चूक एका टक्क्यावर आणावयाची असेल, तर भांडें गोळीच्या व्यासाच्या दोनशेंपटीहून अधिक रुंद पाहिजे. आपल्या छर्र्यास तें चौसष्ट सेंटिमीटरहून रुंद लागेल, आणि तें भरण्यास तेलाचे कित्येक डबे लागतील. तेव्हां भिंतीस टाळतां येत नाहीं. तिचा हिशेब ठेवावा, हाच मार्ग शहाणपणाचा.

उलट बाजूनें, गोळीच लहान घेतली तर? हा मार्ग बराच चांगला आहे. भिंतीचा परिणाम तर कमी होतोच. शिवाय दुसरीही एक अडचण दूर होते. स्टोक्सचें सूत्र मंद गतीपुरतेंच खरें आहे. गति वाढली, म्हणजे बाजूस सारलेल्या द्रवाचें जडत्व आडवें येऊं लागतें. याची परीक्षा सोपी आहे. वेग, गोळीचा व्यास व द्रवाची घनता यांच्या गुणाकारास श्यानतेनें भागावें. उत्तर एकाहून पुष्कळ लहान असेल, तरच सूत्रावर विश्वास ठेवावा. आपल्या प्रयोगांत तें ०.११ आहे, आणि त्यामुळें येणारी चूक फार तर दोन टक्क्यांची आहे. हाच छर्रा पाण्यांत टाकून तेंच सूत्र लाविलें, तर वेग सेकंदास सदतीस मीटर निघतो. पाण्याच्या पेल्यांत छर्रा टाकून ज्यानें पाहिलें आहे, त्यास हा अंक हास्यास्पद वाटेल. आणि तो आहेही तसाच. दोष स्टोक्सचा नाहीं. त्याचें सूत्र जेथें लावूं नये तेथें आपण लाविलें. मात्र गोळी लहान करण्यासही मर्यादा आहे. सूत्रांत त्रिज्येचा वर्ग येतो. व्यास मोजण्यांत एका टक्क्याची चूक झाली, तर श्यानतेंत दोन टक्क्यांची होते. आणि गोळी जितकी बारीक, तितकी ती नेमकी मोजणें कठीण.

आतां हा प्रयोग ज्यांस करून पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठीं तीन सूचना देतों. तिन्ही अनुभवाच्या आहेत.

पहिली उष्णमानाची. एरंडेलाची श्यानता वीस अंशांस ९.९ पॉइज असते, ती तीस अंशांस ४.५ वर येते. म्हणजे दर अंशामागें सुमारें आठ टक्क्यांची घट. प्रयोग चालू असतां नळी हातांत धरली, किंवा खिडकींतून तिच्यावर ऊन आलें, तरी अंक बदलतो. आपला ९.८ आणि पुस्तकांतला ९.९ यांतील फरक एका अंशाच्या सातव्या-आठव्या भागानेंही पडूं शकतो. म्हणून तेल व छर्रे आदल्या रात्रीं त्याच खोलींत ठेवावे, आणि प्रत्येक वेळीं उष्णमान तेलांत पाहावें, भिंतीवरच्या यंत्रावर नव्हे.

दुसरी बुडबुड्यांची. कोरडा छर्रा तेलांत सोडला, तर त्यास चिकटून हवेचा एखादा बारीक बुडबुडा खालीं जातो आणि त्यास वर उचलून धरतो. अशा वेळीं अंक विखुरलेले येतात. कारण बुडबुडा दर वेळीं सारखा नसतो. छर्रा अगोदर त्याच तेलांत बुडवून, चिमट्यानें धरून, पृष्ठभागाखालीं नेऊन सोडावा. नळी भरल्यावर तेलही कांहीं तास निवूं द्यावें.

तिसरी नळीच्या उभेपणाची. नळी कलती असली, तर मधोमध सोडलेली गोळीही उतरतां उतरतां एका बाजूच्या भिंतीजवळ जाते. मग तिचा वेग बदलतो, आणि फाक्सेनचें सूत्र, जें मध्यरेषेवरून पडणाऱ्या गोळीसाठीं आहे, तें लागू पडत नाहीं. गवंड्याचा ओळंबा शेजारीं लोंबता ठेवून नळी त्याच्याशीं समांतर करावी. गोळी कडेस जातांना दिसली, तर तो अंक लिहूंच नये.

श्रोतेहो, आपण म्हणतों, अमक्या तेलाची श्यानता अमुक. परंतु प्रयोगांतून प्रथम जो अंक निघतो, तो एकट्या तेलाचा नसतो. तो तेल, गोळी आणि नळी या तिघांचा मिळून असतो. त्यांतून तेलाचा वांटा निराळा काढावयाचा, तर नळी बदलून पाहावें लागतें, आणि बदलणारा अंक आपण होऊनच सांगतो, कीं माझ्यांत कांहीं भाग भांड्याचा आहे. ज्या मुलास अरुंद पात्र मिळालें होतें, त्यास या गोष्टीची शंका माझ्या आधीं आली. आणि तिला आधार एवढाच होता, कीं त्याचे सातही अंक सारखे होते. यापुढें कोणाच्या वहींत न जुळणारा, पण पुन्हां पुन्हां तोच येणारा अंक आपणांस दिसला, तर तांबडी शाई उघडण्यापूर्वीं त्याची नळी किती रुंद होती, एवढें जरूर विचारावें.